संशोधनाच्या संमतीपत्रकाचा फोटो सोप्या मराठीत कसा मांडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्याल का, असे रुग्णालयात विचारतात आणि हातात दहा-बारा पानांचे माहितीपत्रक देतात. शेवटच्या पानावर सहीची जागा असते. घरातले कोणीतरी फोनवर पानांचे फोटो काढते आणि कुटुंबातल्या शिकलेल्या माणसाला पाठवते, "यात काय लिहिलंय ते जरा नीट सांग ना." हे प्रश्नोत्तर त्या सांगणाऱ्या माणसासाठी आहे. वैद्यकीय समाजसेवेच्या कामात अशी पत्रके माझ्यासमोर सतत येतात आणि कुटुंबे साधारण हेच प्रश्न विचारतात.

उदाहरणासाठी सगळीकडे एकच नमुना घेतला आहे. मेटफॉर्मिन घेऊनही साखर आटोक्यात न येणाऱ्या लोकांवर मधुमेहाच्या एका नव्या गोळीची चाचणी चालू आहे, असे समजा. हा नमुना समजावण्यासाठी रचलेला आहे, त्यातले आकडे खऱ्या कोणत्याही गोळीचे नाहीत. वाक्यांची धाटणी मात्र अशा पत्रकांत जशी असते तशीच ठेवली आहे.

मी लिहिलेली सोपी प्रत रुग्णाने सही करण्यासाठी वापरता येते का?

नाही. सही फक्त मूळ पत्रकावर होते. ते पत्रक रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीने, म्हणजे नीतिशास्त्र समितीने, शब्दन्‌शब्द पाहून मंजूर केलेले असते. तुमची प्रत घरात बसून समजून घेण्यासाठी आहे. ती वाचून रुग्णाला प्रश्न पडावेत आणि ते घेऊन त्याने डॉक्टरांकडे जावे, एवढेच तिचे काम.

प्रतीच्या पहिल्याच ओळीत हे लिहून टाका: "ही प्रत समजून घेण्यासाठी आहे. सही करण्याआधी मूळ पत्रक वाचावे किंवा वाचून घ्यावे." संशोधक स्वतःच सोपी प्रत बनवून सहभागींना वाटणार असतील, तर ती आधी समितीकडे मंजुरीला जायला हवी.

फोटो कसे मागवावेत?

सगळ्या पानांचे, एकेका पानाचा एक, वरून सरळ काढलेले. बहुतेक पत्रकांच्या तळाशी "पान १२ पैकी ४" असे छापलेले असते, ते आकडे जुळवून पाहा. एखादे पान राहिलेच तर ते बहुधा मधले असते, आणि धोक्यांची यादी नेमकी मधल्या पानांवर असते.

तळाच्या त्याच पट्टीत आवृत्ती क्रमांक आणि तारीख असते. फोटो काढताना कडा कापल्या जातात आणि ही पट्टी जाते. ती मुद्दाम मागून घ्या, कारण चाचणी चालू असताना पत्रक बदलते आणि तुमच्याकडे जुनी आवृत्ती आली असेल तर बाकीची मेहनत वाया जाते. एथिक्स कमिटीचा शिक्का असेल तर तोही दिसला पाहिजे.

आणखी एक खूण शोधा, CTRI या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक. CTRI ही देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, आणि भारतात औषधांच्या चाचण्यांची तिच्यात नोंद करणे २००९पासून सक्तीचे आहे. ctri.nic.in वर तो क्रमांक टाकला की चाचणीचा हेतू, किती लोक घेणार आणि कोणाशी तुलना करणार हे उघड वाचता येते. फोटोत उद्देशाचा परिच्छेद पुसट आला असेल तर ताडून पाहायला याचा फार उपयोग होतो.

अक्षर पुसट असेल तर संदर्भावरून भरून काढावे का?

साध्या शब्दाचे एखादे अक्षर गेले असेल तर भरा. आकडा, एकक आणि नकार मात्र कधीही अंदाजाने भरू नका. "०.५ मिग्रॅ" मधला टिंब कागदाच्या घडीत गेला की ते ५ होते, आणि मात्रा दहापट झाली हे वाक्य वाचून कळत नाही. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे. "रुग्णालयाकडून खर्च दिला जाणार नाही" या वाक्यातला "नाही" पुढच्या ओळीवर जाऊन कडेला कापला गेला, तर अर्थ थेट उलटा होतो.

फोटोतून मजकूर उचलून देण्याची सोय फोनमध्ये असते. ती वापरलीत तर उचललेला प्रत्येक आकडा फोटो मोठा करून डोळ्याने तपासा. जोडाक्षरे आणि देवनागरी आकडे तिथे हमखास चुकतात. वाचता आले नाही तिथे "येथे फोटोत अक्षर दिसत नाही, पान ६" असे लिहा आणि त्या पानाचा फोटो पुन्हा मागवा.

फोटोत रुग्णाचे नाव आणि सही दिसते. चालेल का?

तुम्हाला त्याची गरज नाही. औषध-चाचणीच्या संमतीपत्राच्या शेवटी पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचे नाव असे रकाने असतात. मृत्यू झाल्यास भरपाई कोणाला द्यायची, हे ठरवण्यासाठी वारसाचे नाव लागते. ते पान भरलेले असेल तर कोऱ्या पानाचा फोटो मागा, आणि भरलेल्या पानाचा फोटो कौटुंबिक गटावर फिरत असेल तर काढून टाकायला सांगा. आजाराचे नाव आणि उत्पन्न एकत्र असलेला कागद नातेवाइकांच्या गटावर असू नये.

सुरुवात कुठून करायची?

पहिल्या ओळीपासून लिहायला बसू नका. आधी पूर्ण पत्रक वाचा आणि प्रत्येक वाक्याला एक खूण द्या: उ म्हणजे उद्देश, धो म्हणजे धोका, स्वे म्हणजे स्वेच्छा, मा म्हणजे माघार, आणि यांपैकी कशातच न बसणाऱ्याला बा, म्हणजे बाकी. एखाद्या वाक्याला दोन खुणा लागल्या तरी हरकत नाही. त्यानंतर एकेका खुणेची वाक्ये एकत्र करून तो तो विभाग लिहा.

हा खटाटोप कशासाठी, ते खुणा करतानाच दिसते. आपल्या नमुन्यात "धोके व गैरसोयी" हे शीर्षक पान ६वर आहे आणि त्याखाली फक्त गोळीचे दुष्परिणाम आहेत. पण धो ही खूण पान ३वरच्या कार्यपद्धतीतल्या एका वाक्याला लागते, पान ५वरच्या प्लॅसिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या, वाक्याला लागते आणि पान ९वरच्या गर्भनिरोधनाच्या सूचनेलाही लागते. शीर्षक पाहून फक्त पान ६ सोपे केले असते तर हे तीन धोके सोप्या प्रतीतून गायब झाले असते. संमतीपत्रकात धोका एका जागी राहत नाही. त्याला गोळा करून एकत्र आणणे हेच या कामातले मुख्य कौशल्य आहे, भाषा सोपी करणे त्यानंतर येते.

उद्देशाचा विभाग कसा लिहावा?

नमुन्यातले मूळ वाक्य असे आहे: "सदर अध्ययनाचा उद्देश टाइप २ मधुमेह असलेल्या व मेटफॉर्मिनने अपुरे नियंत्रण असलेल्या प्रौढ सहभागींमध्ये अन्वेषणात्मक उत्पादनाची परिणामकारकता व सुरक्षितता, प्लॅसिबोच्या तुलनेत, यादृच्छिक व दुहेरी-अंध पद्धतीने मूल्यांकित करणे हा आहे."

सोपी प्रत अशी होईल: "हे संशोधन आहे. मेटफॉर्मिन घेऊनही ज्यांची साखर आटोक्यात येत नाही, अशा मोठ्या माणसांना एक नवी गोळी दिल्यावर साखर कमी होते का, आणि ती गोळी घेणे कितपत सुरक्षित आहे, हे यातून पाहायचे आहे. भाग घेणाऱ्या दर तिघांपैकी दोघांना नवी गोळी मिळेल. एकाला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी मिळेल. कोणाला कोणती गोळी द्यायची हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरते, डॉक्टर निवडत नाहीत. तुम्हाला कोणती मिळाली हे चाचणी संपेपर्यंत तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही कळणार नाही. चाचणी २४ आठवडे चालेल."

"हे संशोधन आहे" हे वाक्य पहिले ठेवलेले आहे ते जाणूनबुजून. समोर नेहमीचे डॉक्टर, नेहमीची ओपीडी, तीच खुर्ची; त्यामुळे माणूस धरून चालतो की माझ्यासाठी सर्वांत चांगले ते डॉक्टरांनी निवडले आहे. इथे तसे झालेले नसते. नवी गोळी काम करते की नाही हे ठाऊक असते तर चाचणीच घेतली नसती. आपल्या नियमांनुसारही गोळीचा अपेक्षित परिणाम न होण्याची शक्यता पत्रकात सांगावी लागते, आणि प्लॅसिबो असेल तर त्याने उपचाराचा परिणाम होणार नाही हेही लिहावे लागते. ही दोन्ही वाक्ये मूळ पत्रकात शोधा. सापडली नाहीत तर डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांत टाका.

तीनपैकी दोन हे प्रमाण पत्रकाच्या दुसऱ्याच पानावर "२:१ वाटप" असे दडलेले असते. ते उद्देशाच्या विभागातच आणा.

धोक्यांच्या विभागात काय काय यायला हवे?

या विभागाला सर्वांत जास्त जागा द्या. मी धोके चार वाटांनी शोधते.

पहिली वाट गोळीची. इथे दुष्परिणामांची यादी असते. ती गंभीरतेनुसार मांडा. लगेच रुग्णालयात यायला लावणारे आधी, त्रासदायक पण थांबणारे नंतर. मूळ यादी बहुतेक वेळा किती जणांना होतो या क्रमाने असते, म्हणून "स्वादुपिंडाचा दाह" शेवटच्या ओळीत, मळमळ आणि डोकेदुखीच्या खाली जाऊन बसतो. सोप्या प्रतीत तो वर येईल, आणि ओळखायचा कसा हेही मूळ पत्रकात असेल तर त्याच वाक्यात येईल: "स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पोटात वरच्या बाजूला जोराचे, पाठीकडे जाणारे दुखणे आणि उलट्या सुरू झाल्या तर थांबू नका, दिलेल्या क्रमांकावर फोन करा."

दुसरी वाट तपासण्यांची. नमुन्यात ८ भेटी आहेत आणि प्रत्येक भेटीत १० मिलिलिटर रक्त घेणार आहेत. म्हणजे दर वेळी दोन चहाचे चमचे आणि २४ आठवड्यांत मिळून ८० मिलिलिटर. बेरीज मूळ पत्रकात नसली तरी करून द्या, आकडे पत्रकातलेच आहेत. बायोप्सी, एक्स-रे, सीटी स्कॅन असेल तर त्याचा धोकाही इथेच.

तिसरी वाट हुकते ती सर्वांत जास्त: आधीचे औषध बंद होण्याची. नमुन्याच्या पान ३वर वाक्य आहे, "तपासणी भेटीनंतर ४ आठवड्यांचा वॉशआउट कालावधी राहील व त्या काळात ग्लिमेपिराइड बंद करण्यात येईल." वाक्य वेळापत्रकाच्या मधोमध येते, सुरात कुठेही धोक्याचा उल्लेख नाही. पण रुग्ण रोज घेत असलेली साखरेची एक गोळी चार आठवडे बंद होणार आहे. त्यानंतर प्लॅसिबोच्या गटात गेला, तर पुढचे २४ आठवडेही फक्त मेटफॉर्मिनवर काढावे लागतील. सोप्या प्रतीत हे असे लिहा: "चाचणी सुरू होण्याआधी ४ आठवडे तुमची ग्लिमेपिराइडची गोळी बंद करतील. औषध नसलेली गोळी तुमच्या वाट्याला आली, तर पुढचे २४ आठवडे तुम्ही फक्त मेटफॉर्मिनवर असाल."

यापुढे "त्यामुळे साखर वाढेल" असे तुम्ही स्वतःच्या पदरचे लिहू नका. त्याऐवजी शेवटच्या प्रश्नांत टाका: "या काळात साखर वाढली तर काय कराल? किती वाढल्यावर दुसरे औषध द्याल?" नमुन्यात पान ७वर याचे उत्तर आहे. उपाशीपोटी साखर लागोपाठ दोनदा २७०च्या वर गेली तर बचावाचे औषध देणार आहेत. ते वाक्य उचलून इथे, बंद होणाऱ्या गोळीच्या शेजारी, आणा. मूळ पत्रकात चार पानांच्या अंतराने असलेल्या या दोन गोष्टी शेजारी आल्यावरच रुग्णाला खरा प्रश्न कळतो.

चौथी वाट गर्भाची. गर्भधारणा टाळण्याची सूचना पत्रकात "सहभागीच्या जबाबदाऱ्या" या शीर्षकाखाली येते. ती जबाबदारी आहेच, पण मुळात ती बाळाला असलेल्या धोक्यामुळे आहे. पुरुष सहभागींनाही तशी सूचना असेल तर ती हमखास वाचायची राहते.

"सामान्य", "क्वचित" या शब्दांचे काय करावे?

औषधांच्या कागदपत्रांत या शब्दांना ठरलेले अर्थ आहेत. प्रचलित पद्धतीनुसार "अतिसामान्य" म्हणजे १० पैकी १ किंवा जास्त जणांना, "सामान्य" म्हणजे १०० पैकी १ ते १० जणांना, "असामान्य" म्हणजे १,००० पैकी १ ते १० आणि "दुर्मीळ" म्हणजे १०,००० पैकी १ ते १० जणांना. घरात "सामान्य दुष्परिणाम" असे वाचले की ऐकणाऱ्याला दोन अर्थ लागतात: एक, तो सगळ्यांनाच होतो, दोन, तो किरकोळ आहे. दोन्ही चूक.

पत्रकात आकडे दिलेले असतील तर शब्द सोडा आणि आकडे लिहा, तेही एकाच मापात. "१२ टक्के", "८ पैकी १" आणि "क्वचित" अशी सरमिसळ असेल तर तुलना होत नाही. सगळे "१०० पैकी" मध्ये आणा. प्लॅसिबोच्या गटाचा आकडा असेल तर तोही शेजारी द्या: "नवी गोळी घेणाऱ्या १०० पैकी १२ जणांना मळमळ झाली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या १०० पैकी ५ जणांनाही झाली." त्यावरून गोळीमुळे जास्तीची मळमळ साधारण ७ जणांना झाली, हे वाचणाऱ्याला आपोआप उमगते. पत्रकात नुसते शब्दच असतील आणि त्यांचा अर्थ सांगितलेला नसेल, तर आकडे मनाने घालू नका. शब्द तसाच ठेवा आणि "म्हणजे किती जणांना?" हे प्रश्नांत टाका.

फायदे कुठे लिहायचे?

धोक्यांच्या विभागाच्या शेवटी, दोन-तीन ओळींत. "तुम्हाला थेट फायदा होईलच असे नाही" हे वाक्य पत्रकात असते, ते गाळू नका. मोफत तपासण्या आणि प्रवासखर्च हे फायद्यात धरू नका, वेगळे लिहा. आणि चाचणीत न जाता दुसरे कोणते उपचार मिळू शकतात, हे पत्रकात असायलाच हवे. तेही इथेच द्या, कारण धोका पत्करायचा की नाही हे पर्याय कळल्याशिवाय ठरवता येत नाही.

चाचणीमुळे इजा झाली तर काय, हे कसे सांगावे?

हा भाग धोक्यांना जोडूनच यावा. भारतात नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९चे नवी औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम लागू आहेत. त्यानुसार चाचणीत इजा झाली तर गरज असेल तोपर्यंत, किंवा ती इजा चाचणीमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तिथवर उपचार मोफत मिळतात. इजा चाचणीशी संबंधित ठरली तर त्याखेरीज आर्थिक भरपाई मिळते.

"संबंधित" कशाला म्हणायचे, ते नियमात बरेच ऐसपैस आहे. गोळीचा दुष्परिणाम त्यात येतोच. शिवाय ठरलेल्या पद्धतीचे उल्लंघन, चाचणीतल्या एखाद्या तपासणीमुळे झालेली इजा, आणि प्रचलित उपचार उपलब्ध असताना ते न देता प्लॅसिबो दिल्याने झालेले नुकसान, हेही येते. आपल्या नमुन्यात ग्लिमेपिराइड बंद करून प्लॅसिबो देणार आहेत, तेव्हा हा शेवटचा मुद्दा इथे फार जवळचा आहे. पत्रकात तो लिहिलेला असेल तर तसाच उतरवा.

ज्या अभ्यासात नवे औषध नसते, नुसती मुलाखत किंवा रक्ताचा नमुना असतो, तिथे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे पाहिली जातात. अशा पत्रकात भरपाईची भाषा वेगळी दिसेल. एकाची वाक्ये दुसऱ्यात घालू नका.

"स्वेच्छेने" हा विभाग एका वाक्यात होत नाही का?

"सहभाग ऐच्छिक आहे" हे वाक्य प्रत्येक पत्रकात असते आणि ते वाचून कोणालाच काही कळत नाही. सोप्या प्रतीत ते मोडून लिहा: "भाग घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचे. नाही म्हटलेत तरी या रुग्णालयात तुम्हाला आत्ता मिळणारे उपचार चालू राहतील. नाही का म्हणता, हे सांगण्याची गरज नाही. पत्रक घरी नेऊन घरच्यांशी बोलू शकता."

शेवटचे वाक्य मूळ पत्रकात असेल तरच लिहा. नसेल तर प्रश्न करा, "घरी नेऊन विचार करायला किती दिवस मिळतील?"

ठरवणारा कोण, हे या विभागात स्पष्ट हवे. स्वतः ठरवू शकणाऱ्या सज्ञान माणसासाठी त्याच्या मुलाने किंवा नवऱ्याने सही करून चालत नाही. २००९-१०मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. तिथे अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या, हे पुढे चौकशीत उघड झाले आणि संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. घरातल्या कर्त्या माणसाने "कर गं सही" म्हणणे हा त्याच दबावाचा घरगुती प्रकार आहे. सोपी प्रत पाठवताना ती रुग्णाला उद्देशून लिहा. "आईला असे होऊ शकते" असे नको, "तुम्हाला असे होऊ शकते" असे हवे.

प्रवासखर्च किंवा बुडालेल्या मजुरीचे पैसे देणार असतील तर आकडा आणि केव्हा देणार ते याच विभागात लिहा. मधून बाहेर पडल्यास झालेल्या भेटींचे पैसे मिळतात की नाही, हेही पत्रकात शोधा.

माघारीचा वेगळा विभाग कशाला? स्वेच्छेतच येत नाही का?

बहुतेक पत्रकांत दोन्ही एका परिच्छेदात असतात, आणि म्हणूनच माघारीचे तपशील हरवतात. "कधीही, कारण न देता बाहेर पडू शकता" हे खरे आहे आणि ते पहिल्या ओळीत ठळक यावे. पण बाहेर पडल्यावर काय होते, हे रुग्णाला आधी कळले पाहिजे.

बाहेर पडण्याच्या पायऱ्या असतात. गोळी थांबवायची, पण तपासणीला येत राहायचे, ही एक. तपासणीलाही यायचे नाही, पण फोनवर प्रकृती विचारलेली चालेल, ही दुसरी. यापुढे काहीच संपर्क नको, ही तिसरी. पत्रक या पायऱ्या वेगळ्या करत असेल तर प्रतीतही वेगळ्या करा. पुष्कळ लोकांना गोळी नको असते, पण मोफत तपासणी हवी असते, आणि आपल्याला सगळेच सोडावे लागेल अशा समजुतीने ते काहीच बोलत नाहीत.

त्यानंतर सुरक्षितपणे थांबण्याचा मुद्दा. काही औषधे, जसे स्टेरॉइड किंवा फिट्सच्या गोळ्या, एकदम बंद केल्या तर अपाय होतो. म्हणून पत्रकात शेवटच्या एका भेटीचा उल्लेख असतो. तो "शेवटच्या तपासणीला यावेच लागेल" असा धाकाच्या सुरात उतरवू नका. नमुन्यातले मूळ वाक्य "सहभागीने समाप्ती भेटीस उपस्थित राहण्याची विनंती करण्यात येईल" असे आहे, तेव्हा सोप्या प्रतीतही विनंतीच राहील: "बाहेर पडायचे ठरवलेत तर तुमच्या सुरक्षिततेसाठी एकदा येऊन तपासून जा, अशी विनंती करतील."

मग आधी गोळा केलेली माहिती. नियमांतल्या संमतीपत्राच्या नमुन्यातच असे कलम आहे की प्रायोजक, म्हणजे चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था, एथिक्स कमिटी आणि सरकारी नियामक यांना सहभागीच्या आरोग्याच्या नोंदी पाहायला परवानगी लागणार नाही, आणि सहभागी बाहेर पडला तरी हे लागू राहील. लोकांना हे ऐकून धक्का बसतो, कारण बाहेर पडलो म्हणजे सगळे पुसले गेले असे त्यांना वाटते. म्हणून स्पष्ट लिहा: "तुम्ही बाहेर पडलात तरी तोपर्यंतची तुमची माहिती अभ्यासात राहील. तुमचे नाव बाहेर जाणार नाही, पण नोंदी तपासणाऱ्यांना त्या पाहता येतील." साठवलेल्या रक्ताचे काय, ते नष्ट करायला सांगता येते का, याचे उत्तर बहुधा वेगळ्या पानावर असते. ते शोधून इथे आणा.

शेवटी उलट बाजू. डॉक्टर किंवा प्रायोजकही तुम्हाला चाचणीतून काढू शकतात, तुमची संमती नसतानाही. कोणत्या परिस्थितीत, ते पत्रकात असते. आणि बाहेर पडल्याने तुमच्या उपचारांवर किंवा कायदेशीर हक्कांवर परिणाम होत नाही, हे वाक्य विभागाच्या शेवटी पुन्हा यावे.

"बाकी" खूण केलेल्या वाक्यांचे काय?

एक छोटा पाचवा भाग करा: किती भेटी, कोणत्या तारखांना, गुप्तता, कोणाला फोन करायचा. फोनचे दोन क्रमांक वेगळे ठेवा. एक संशोधक डॉक्टरांचा, त्रास झाला तर. दुसरा एथिक्स कमिटीचा, आपल्या हक्कांबद्दल शंका किंवा तक्रार असेल तर.

प्रतीत माझे मत लिहू का?

नको. "हे घेऊ नका" किंवा "चांगली संधी आहे" यांपैकी काहीही प्रतीत नको. विचारले तर तोंडी सांगा, तेही तुमचे मत म्हणून.

रुग्णाला वाचता येत नाही. सोपी प्रत वाचून दाखवली की झाले का?

समजायला मदत होईल, पण त्याने संमतीची प्रक्रिया पूर्ण होत नाही. वाचता न येणाऱ्या सहभागीसाठी रुग्णालयात निष्पक्ष साक्षीदार संपूर्ण वेळ हजर असावा लागतो. तो चाचणीशी संबंधित नसावा, आणि त्याची सहीही पत्रावर होते. अगदी नव्या रसायनाच्या चाचणीत असुरक्षित, म्हणजे सहज दबावाखाली येऊ शकणाऱ्या, गटातली व्यक्ती सहभागी होत असेल, तर ही समजावण्याची प्रक्रिया ध्वनिचित्रमुद्रित करावी लागते. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाज. सही झालेल्या पत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत रुग्णाला मिळायलाच हवी, ती मागून घ्या.

प्रत बरोबर झाली हे कसे तपासायचे?

दोन बाजूंनी. आधी मूळ पत्रकाकडून: खुणा केलेले प्रत्येक वाक्य तुमच्या प्रतीत कुठे गेले ते बोटाने दाखवता आले पाहिजे. मग उलट, तुमच्या प्रतीतले प्रत्येक वाक्य मूळ पत्रकाच्या कोणत्या पानावरून आले ते कडेला लिहा. ज्या वाक्याला पान सापडत नाही ते तुम्ही मनाने घातलेले आहे.

नंतर रुग्णाला वाचू द्या आणि "कळलं का?" असे विचारू नका. त्याला सगळे "हो" म्हणतात. असे विचारा: "तुम्हाला औषध नसलेली गोळी मिळू शकते का?" "तुमची कोणती गोळी बंद होणार आहे?" "तिसऱ्या महिन्यात नको वाटलं तर काय कराल?" तिसऱ्या प्रश्नाला "डॉक्टर रागावतील, पूर्ण करावं लागेल" असे उत्तर आले, तर माघारीचा विभाग पुन्हा लिहा.

चाचणी सुरू झाल्यावर नवे पत्रक आले. पुन्हा सगळे लिहायचे का?

आधी तळाच्या पट्टीतले आवृत्ती क्रमांक पाहा आणि दोन्ही पत्रके पानाशेजारी पान ठेवून फरक शोधा. नवे पत्रक येते ते बहुधा नवा दुष्परिणाम सापडल्यामुळे किंवा भेटींचे वेळापत्रक बदलल्यामुळे. जेवढे बदलले तेवढेच नव्या प्रतीत वर काढा: "आधीच्या पत्रकात हे नव्हते." रुग्णाकडून या नव्या पत्रकावर पुन्हा सही मागतील, आणि नवी माहिती वाचून पुढे राहायचे की थांबायचे हे तो पुन्हा नव्याने ठरवू शकतो.